‘यू’मध्ये ‘आपण’ कुठं असतं?

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सव्वीस वर्षं लेथवर काढलेले एक वडील आहेत. मुलगा ओंकार आयटीआय टर्नर होऊन, अ‍ॅप्रेंटिसशिप संपवून घरी आलाय. त्याला नोकरीसाठी पहिला ईमेल लिहायचाय आणि त्याला मदत व्हावी म्हणून वडील इंग्रजी वाक्यं शिकतात. सुरुवात आणि शेवट सुचलाय, पण मधलं शिकणं वाचणाऱ्यांना खोटं वाटतं. तुम्ही कारखान्यात वर्षानुवर्षं अर्ज वाचलेत आणि कामगारांना इंग्रजी शिकवलंय. असा माणूस नक्की काय शिकतो, कुठं अडतो?

उत्तर:

तुमचा खर्डा वाचला. खोटेपणा एकाच जागी आहे आणि तो काढता येईल. तुमचे वडील बसस्टँडवरून ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाचं पुस्तक आणतात आणि पहिल्या पानापासून ‘हे सफरचंद आहे’ घोकायला लागतात. सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस इतका कोरा नसतो. त्याच्याजवळ इंग्रजी भरपूर असतं. ते कोणत्या जातीचं आहे हे तुम्हाला कळलं की कथेचा मधला भाग आपोआप उभा राहील.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात पहिल्या दिवशी मी एकच काम द्यायचो: आजच्या पाळीत तोंडातून गेलेले सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढा. चक, टूल, फीड, डेप्थ, टेपर, थ्रेड, कूलंट, रफिंग, फिनिशिंग, रिजेक्शन, ओव्हरटाइम, गेटपास. पानं भरायची. मग मी म्हणायचो, आता यातली क्रियापदं वेगळी काढा. तिथं पेन थांबायचं. ‘सेट करणे’, ‘चेक करणे’, ‘ग्राइंड करणे’ असे जोडशब्द निघायचे, म्हणजे शब्द इंग्रजी आणि त्याला चालवणारं ‘करणे’ आपलं. तुमच्या वडिलांजवळ नामांचं भांडार आहे, पण ती नामं एकमेकांना बांधणारं काही नाही.

एक अपवाद आहे आणि कथेच्या दृष्टीनं तो सोन्यासारखा आहे. ड्रॉइंग. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टिपा छापलेल्या असतात: ‘ऑल डायमेन्शन्स आर इन एमएम’, ‘रिमूव्ह ऑल बर्र्स अँड शार्प एजेस’. इंग्रजी वाक्य म्हणून पूर्ण असलेली ही वाक्यं हा माणूस रोज वाचतो, आणि त्यांचा अर्थ त्याला बोटांनी माहीत असतो, कारण बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कंगोरा, काढली नाही तर क्वालिटीवाला जॉब परत पाठवतो. पण या टिपांची भाषा बघा. एकीत वस्तुस्थिती आहे, दुसरीत हुकूम. काढा, मोडा, तपासा, वापरू नका. म्हणजे तुमच्या वडिलांना येणारं इंग्रजी हे नामांचं आणि हुकमांचं इंग्रजी आहे. ज्या कामाला ते आता हात घालणार आहेत ते मात्र विनंतीचं आहे. मला विचाराल तर तुमची कथा हुकमापासून विनंतीपर्यंतच्या या प्रवासाची आहे, आणि त्यासाठी पुस्तक विकत आणायची गरज नाही.

दुसरा प्रश्न तुमचे वाचक विचारणारच. ओंकार शिकलेला, मग त्याला बापाची मदत कशाला? याला नीट उत्तर द्या. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीला भेटायचं. म्हणजे वडिलांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि ओंकारनं पहिलीत. ओंकारला स्पेलिंग येतं, वाचता येतं, मोबाइलवर बोटं पळतात. पण अनोळखी माणसाला, स्वतःच्या गरजेसाठी, चार ओळी त्यानं कोणत्याच भाषेत लिहिलेल्या नाहीत. वडिलांनी तेच जन्मभर केलंय. रजेचा अर्ज, पीएफमधून उचल काढायचा अर्ज, रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज, पोराच्या फीला मुदत मागायचा अर्ज. विषय कुठं येतो, मागणं कुठं येतं, सोबत काय जोडायचं, खाली काय लिहायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. एकाजवळ अक्षरं आहेत, दुसऱ्याजवळ अर्ज आहे. म्हणून त्यांना एका टेबलाशी बसावं लागतं.

आणि वही. माझ्या वर्गातली माणसं इंग्रजी वाक्य देवनागरीतच उतरवून घ्यायची: डावीकडे उच्चार, उजवीकडे अर्थ. तुमच्या वडिलांनाही तसंच करू द्या. या वहीतून स्पेलिंग येत नाही, हीच तिची मर्यादा, आणि त्यामुळेच टाइप ओंकारनं करायचं हे ठरून जातं. वडिलांनी एकट्यानं ईमेल लिहून टाकला असं दाखवलंत तर तिथं वाचक पुन्हा अडेल.

ओंकारचा पहिला खर्डा कसा असेल ते मी डोळे मिटून सांगतो, कारण असे शेकड्यांनी वाचलेत. इंटरनेटवरून उतरवलेला. ‘आपल्या प्रतिष्ठित आणि गतिमान संस्थेत माझ्या कौशल्यांना वाव मिळावा’ याचं इंग्रजी, मग कष्टाळू, प्रामाणिक, झटपट शिकणारा, अशी विशेषणं. वाचणारा यातलं काहीच वाचत नाही. मी कार्मिक विभागात बसायचो तेव्हा ईमेल उघडल्यावर पहिली नजर चार गोष्टी शोधायची: कोणत्या कामासाठी, कोणता ट्रेड, कोणत्या मशीनवर हात बसलाय, आणि फोन नंबर. टर्नरच्या अर्जात मशीनचं नाव नसेल तर तो अर्ज बाजूला पडायचा. वाईट म्हणून नव्हे. त्या पोराला कुठं उभं करायचं हे त्यावरून कळायचंच नाही.

हा खर्डा वडिलांना वाचून दाखवला जातो. त्यांना निम्मे शब्द कळत नाहीत, पण अर्जाचं कानाला कळतं. त्यांचा पहिला प्रश्न असा असेल:

“ह्यात मागितलंयस काय?”

ओंकार गप्प होतो. तीन परिच्छेदांत मागणं कुठंच नाही.

मग वडील स्वतःचा अर्ज इंग्रजीत न्यायला लागतात आणि इथं तुम्हाला भरपूर जागा आहे. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती की…’ हे त्यांचं हुकमी वाक्य. त्याचं जुनं कचेरीतलं इंग्रजी आजही चालतं: ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’. चूक नाही, फक्त ईमेलमध्ये ते वाया जातं, कारण विषय एक बोटभर वरच लिहिलेला असतो. वडिलांना ते वाक्य टाकवणार नाही. त्यात त्यांची पंचवीस वर्षांची अदब आहे. ते जाऊ द्यायला त्यांना एक रात्र लागू दे.

त्याच्या पुढचा शब्द ‘आपणांस’, आणि तिथं खरा खोळंबा आहे. हा प्रसंग माझ्यासमोर घडलेला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. वर्गात एक पन्नाशीचे टर्नर होते, पोराच्या नोकरीसाठीच शिकायला आलेले. मी फळ्यावर वाक्य लिहिलं, त्यात साहेबांना उद्देशून ‘यू’ होतं. त्यांनी हात वर केला.

“सर, पोराशी बोलताना पण यूच की?”

म्हटलं, हो.

“मग हे साहेबाला ‘तू’ म्हटल्यागत न्हाई व्हय?”

म्हटलं, इंग्रजीत सगळ्यांना यूच.

“मग मान कुठनं द्यायचा?”

वर्गात कोणी हसलं नाही, कारण तो प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. आपल्याकडे मान शब्दाच्या शेवटाला बांधलेला असतो. ये, या, यावं. कर, करा, करावं. सर्वनाम बदललं की क्रियापद बदलतं, आणि माणूस किती वाकलाय ते ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत हे सगळं सपाट दिसतं, आणि सपाट भाषेत मोठ्या माणसाकडे काही मागायचं म्हणजे उघड्या डोक्यानं देवळात गेल्यासारखं वाटतं. ही अडचण अडाणीपणातून येत नाही. त्या माणसाला स्वतःची भाषा फार चांगली येते, म्हणून ती येते.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. त्या दोन्ही तुम्ही वापरा, पण त्यांच्यात अंतर ठेवा.

पहिली गोष्ट अशी की इंग्रजीत पूर्वी ‘तू’ होतं. ‘दाऊ’. एका माणसाला, जवळच्याला, हाताखालच्याला दाऊ म्हणायचे. अनेकांना, आणि मान द्यायच्या एकट्यालाही, ‘यू’ म्हणायचे. सतराव्या शतकाच्या आसपास दाऊ रोजच्या बोलण्यातून मागं पडत गेलं. जुन्या प्रार्थनांत आणि काही गावाकडच्या बोलींत ते राहिलं, बाकी सगळीकडे यू उरलं. म्हणजे आज इंग्रजीत सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, हे आपलं समजणं उलटं आहे. ‘तू’ गेलं. उरलं ते ‘आपण’.

ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग वहीत डाव्या बाजूला ‘यू’ लिहिलं आणि उजव्या बाजूला आधी लिहिलेलं ‘तू’ खोडून ‘आपण’ केलं. तुमच्या कथेत हे खोडणं आणा. त्यावर एक शब्दही बोलू नका.

दुसरी गोष्ट ‘वुड’ची. यू मानाचं असलं तरी ते सगळ्यांनाच मिळत असल्यानं वाकणं दिसायला दुसरी जागा लागते, आणि इंग्रजीनं ती क्रियापदात शोधली. ‘आय वॉन्ट अ जॉब’ म्हणजे मला नोकरी पाहिजे. हे ड्रॉइंगवरच्या टिपेसारखं लागतं. ‘आय वुड बी ग्रेटफुल’ म्हटलं की बोलणारा एक पाऊल मागं सरकतो. शिकणाऱ्याला इथं हमखास कोडं पडतं: ‘वुड’ हे ‘विल’चं भूतकाळी रूप, मग आत्ताच्या मागण्यात भूतकाळ कशाला? व्याकरणाची पुस्तकं इथं पानंच्या पानं खर्च करतात. मी त्यांना विचारलं, सुपरवायझरच्या केबिनमध्ये रजा मागायला जाता तेव्हा दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलता?

“साहेब, जरा काम होतं.”

काम आत्ता आहे, मग ‘होतं’ कसं? कारण ‘काम आहे’ म्हटलं तर ते अंगावर गेल्यासारखं होतं. ‘होतं’ म्हटलं की साहेबाला नाही म्हणायला वाट राहते. दुकानदारही गिऱ्हाइकाला ‘काय पाहिजे होतं?’ असंच विचारतो. इंग्रजीतलं ‘वुड’ आणि ‘कुड’ म्हणजे हे आपलं ‘होतं’. ज्याला ‘जरा काम होतं’ म्हणता येतं त्याला ‘वुड’ नव्यानं शिकवावं लागत नाही. फक्त कुठं ठेवायचं ते दाखवावं लागतं.

तुमच्या कथेत हे कोण सांगेल? मास्तराचं पात्र नवं आणू नका. ओंकारलाच सापडू दे. तो वैतागून म्हणेल, “आप्पा, तुम्ही त्या दिवशी केबिनमध्ये काय बोललासा तेच हाय हे,” आणि बापाला पोराच्या तोंडून स्वतःचं वाक्य ऐकायला मिळेल. पोरगा अ‍ॅप्रेंटिस असताना त्यानं आपल्याला साहेबासमोर उभं राहिलेलं बघितलंय, हे आप्पांना तेव्हाच कळेल. व्याकरणाच्या ओळीतून बापलेकांचं काहीतरी उघडं पडलं तरच ते व्याकरण कथेत राहायला हवं.

आता चूक. कथेत एक चूक हवीच, आणि ती शब्दाच्या स्पेलिंगची नको. ती लाल रेघ येऊन मोबाइलच दाखवतो. जी कोणी दाखवत नाही अशी एक मी तुम्हाला देतो. कारखान्यात ‘जॉब’ म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा. ‘जॉब लाव’, ‘जॉब काढ’, ‘आज तीस जॉब झाले’. एकदा एका पोराच्या ईमेलमध्ये वाक्य होतं: ‘आय हॅव डन मोर दॅन फाइव्ह हंड्रेड जॉब्ज’. त्याला म्हणायचं होतं, अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये मी पाचशेच्या वर नग काढले, म्हणजे हात चांगला बसलाय. आमच्या कचेरीत नव्यानं आलेले एक सहकारी शॉपफ्लोअरवर कधी उतरलेच नव्हते. त्यांनी ‘जॉब’चा अर्थ नोकरी असा घेतला, अर्ज थापेबाज म्हणून काढून ठेवला. दोन दिवसांनी तो गठ्ठा माझ्या हाताला लागला आणि मला वाचता वाचता घाम फुटला. तोवर ती जागा भरली होती. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, स्पेलिंगची नव्हती. ‘जॉब्ज’च्या जागी ‘पार्ट्स’ किंवा ‘कंपोनंट्स’ असतं तर पोरगा ट्रायलला आला असता. त्याची मला आजही हळहळ वाटते.

ही चूक तुमच्या वडिलांकडून व्हायला हवी. ती त्यांना सगळ्यात चांगल्या येणाऱ्या शब्दात होते, आणि ज्या वाक्याचा त्यांना अभिमान वाटतो नेमक्या त्याच वाक्यात. ईमेल जायच्या आधी ती सापडू दे. ओंकार वाचताना थांबेल आणि म्हणेल, “आप्पा, हितं जॉब म्हणजे नोकरी वाटंल.” सव्वीस वर्षं हातात धरलेल्या गोष्टीचं नाव पलीकडच्या माणसाला दुसरंच ऐकू येतं, हे समजायला आप्पांना थोडा वेळ द्या. ते लगेच पटवून घेणार नाहीत. “नोकरी कशी वाटंल? मशीनवर नोकरी लावत्यात व्हय?” असं विचारतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

इतर चुका भराभर सांगतो, हव्या तिथं पेरा. ‘मायसेल्फ ओंकार’ असं सुरू करू नका. बोलण्यात खपतं, लिहिण्यात खुपतं, आणि नाव खाली येणारच असतं. ‘आय अ‍ॅम पासआऊट’ आपल्याकडे सर्रास लिहितात, पण परदेशी कंपनीत त्याचा अर्थ शुद्ध हरपणं असा घेतला जाईल. ‘आय पास्ड’ लिहावं. वर्ष दिलं की ‘हॅव’ गळतं, जसं आपण ‘2023 साली पास झालो’ म्हणतो, ‘पास झालेलो आहे’ तिथं जड वाटतं. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे बिल पास करायला ठीक, पण नोकरी मागताना ‘योग्य ते करावे’ म्हणजे काय करावे हे साहेबानं ओळखायचं का?

आता त्यांच्या वहीतला शेवटचा मसुदा. मी तो देवनागरीतच देतो, कारण तुमच्या कथेत तो वहीच्या पानावरच दिसायला हवा. विषयाच्या ओळीत: ‘अ‍ॅप्लिकेशन फॉर सीएनसी टर्निंग ऑपरेटर, आयटीआय टर्नर’. मग मजकूर:

‘डिअर सर ऑर मॅडम, आय अ‍ॅम रायटिंग टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ सीएनसी टर्निंग ऑपरेटर. आय पास्ड द टर्नर ट्रेड इन 2023 अँड कम्प्लीटेड वन इयर ऑफ अ‍ॅप्रेंटिसशिप इन 2024. आय कॅन रीड अ ड्रॉइंग, सेट टूल ऑफसेट्स अँड चेक पार्ट्स विथ अ मायक्रोमीटर. आय हॅव नॉट यट रिटन अ प्रोग्रॅम ऑन माय ओन. आय कॅन वर्क इन ऑल शिफ्ट्स. माय रेझ्युमे अँड सर्टिफिकेट्स आर अटॅच्ड. आय वुड बी ग्रेटफुल फॉर अ ट्रायल ऑन द मशीन. योर्स फेथफुली.’

आठ वाक्यंही नाहीत. यात ओंकारचं काय आणि आप्पांचं काय, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ‘आय अ‍ॅम रायटिंग टू अप्लाय फॉर’ ओंकारनं शोधलेलं. ‘योर्स फेथफुली’ पाहून आप्पा सुखावतात, कारण ते ‘आपला विश्वासू’शी शब्दाला शब्द जुळतं. नाव माहीत नसलेल्या साहेबाला लिहिताना तेच बसतं. वर नाव घालून ‘डिअर मिस्टर अमुक’ लिहिलं असेल तर खाली ‘योर्स सिन्सिअरली’ येतं.

भांडण दोन वाक्यांवर होईल. एक, प्रोग्रॅम लिहिलेला नाही हे कबूल करणारं. ओंकारला ते नको असतं, आणि त्याचा मुद्दा खोटा नाही. स्वतःची उणीव पहिल्याच पत्रात कोण लिहितं? आप्पा ऐकत नाहीत. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, त्यांना चालवता येत नाही, पण मशीनपुढे उभं राहिल्यावर थाप किती वेळ टिकते ते त्यांनी पाहिलंय. पहिला पीस निघाला की क्वालिटीवाला मायक्रोमीटर लावतो. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजणारं ते हत्यार आहे, त्याच्यापुढे बोलणं चालत नाही. मी वाचणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो, असं वाक्य असलेला अर्ज मला विश्वासाचा वाटायचा, कारण त्यामुळे आधीची तीन वाक्यं खरी असणार हे कळायचं. पण सगळेच तसे वाचत नाहीत, आणि ओंकारची भीती तुम्ही पोकळ ठरवू नका.

दुसरं वाक्य ट्रायलचं. नमुन्याच्या अर्जांत ‘मुलाखतीची संधी’ असते. ओंकारनं तेच लिहिलं होतं. आप्पांनी ‘इंटरव्ह्यू’ काढायला लावलं.

“खुर्चीत बसून तुला काय सांगता येणाराय? मशीनपुढं उभं करा म्हण.”

टर्नर निवडला जातो तो जॉबवरून. हातात तुकडा आणि ड्रॉइंग देतात, माप लागलं की नाही बघतात. हे आप्पांना ठाऊक आहे, नमुना लिहिणाऱ्याला नाही. सगळ्या ईमेलमध्ये दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असं हे एकच मागणं, आणि ते त्यांच्याकडून आलंय. त्याला ‘वुड बी ग्रेटफुल’ जोडलं की ड्रॉइंगच्या टिपांवर वाढलेला माणूस पहिल्यांदा इंग्रजीत काहीतरी मागतो. ‘मशीनवर उभं करा’ हा हुकूम, ‘मशीनवर उभं केलंत तर उपकार होतील’ ही विनंती. त्यांना लागलेली सगळी मेहनत या एका फरकासाठी होती, आणि तुमची कथा याच वाक्यावर सगळ्यात सावकाश चालायला हवी.

शेवटाबद्दल. तुम्ही नेमणुकीचं पत्र आणि पेढे ठेवलेत. मी ते काढेन. अशा ईमेलला बहुतेक वेळा लेखी उत्तर येतच नाही. आलंच तर फोन येतो, आणि कोल्हापुरात तो मराठीतच येतो. पण तिथवर जायची गरज नाही. कथा ईमेल जाण्यापाशी संपते. फाइल जोडायची राहिली, मग लक्षात आलं, `Omkar_Turner.pdf` असं नाव देऊन जोडली. एवढी धावपळ एका ओळीत उरका. रात्रीचे अकरा झालेत. आप्पांना सकाळची पाळी आहे. ओंकार बटण दाबतो.

“गेलं काय?”

“गेलं.”

आप्पांना ते पुरत नाही. त्यांनी जन्मात कुठलाही अर्ज पोच घेतल्याशिवाय दिलेला नाही. टेबलावर अर्ज ठेवायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, सहीखाली तारीख बघायची, मग बाहेर पडायचं.

“पोच?”

ओंकार मोबाइल त्यांच्यापुढे धरतो. `Sent` असं लिहिलेलं, बाजूला वेळ. आप्पा चष्मा वर करून ते वाचतात, वही ओढतात, मसुद्याच्या खाली रेघ मारतात आणि लिहितात: जावक. तारीख. रात्री 11 वाजून 7 मिनिटं.